मृत्युपत्र करायचंय? आधी कपाटातले कागद काढा, मग वकिलाकडे या

मृत्युपत्र लिहून घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा ठरवूनच आलेला असतो. फ्लॅट मुलीला, ठेवी मुलाला, दागिने सुनेला. त्याला वाटतं, आता फक्त हे कायदेशीर भाषेत टाईप करायचं राहिलंय. खरं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं असतं. जे द्यायचंय ते खरोखर आपलं आहे का, हे आधी तपासावं लागतं आणि सह्या कशा झाल्या, हे नंतर सांभाळावं लागतं. मृत्युपत्रं फसतात ती बहुधा या दोन ठिकाणी. मधली भाषा त्यामानाने सोपी.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख वाचकांसाठी आहे. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापर्यंतच मालमत्ता मृत्युपत्राने देता येते, आणि ख्रिश्चन व पारशी कुटुंबांना काही वेगळी कलमं लागू होतात. ही जाहिरातही नाही, वकिलांना ती करता येत नाही. आमच्या टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्याला पुढे काय होणार आहे याची कल्पना यावी, एवढ्यासाठी लिहितोय.

१. तुमचं नेमकं काय आहे, ते कागदावरून ठरवा

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण अशी कुटुंबं घरोघरी सापडतील. एक निवृत्त शिक्षिका आहेत. यजमान काही वर्षांपूर्वी वारले, त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. एक मुलगा, एक मुलगी. राहता फ्लॅट दोघा नवरा-बायकोच्या नावावर, निम्मा-निम्मा घेतलेला. यजमानांनी सोसायटीत बाईंना नॉमिनी केलं होतं, म्हणून ते गेल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर एकट्या बाईंचं नाव लावलं. आता बाईंना अख्खा फ्लॅट मुलीला द्यायचा आहे, कारण मुलाला घर घेताना आई-वडिलांनी आधीच मोठी रक्कम दिलेली आहे.

बाईंच्या मते फ्लॅट त्यांचा. शेअर सर्टिफिकेट तसंच सांगतं. कायदा मात्र तसं म्हणत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर नॉमिनीला सोसायटीत तात्पुरतं सदस्यत्व मिळतं, तेही खरे हक्कदार नावावर येईपर्यंत. कंपन्यांच्या शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये हेच सांगितलं: नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बदलत नाही. म्हणजे यजमान गेल्या दिवशी त्यांचा निम्मा फ्लॅट हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वारसांकडे गेला. विधवा पत्नी, मुलगा आणि मुलगी असे तिघे, सारख्या वाट्याने.

आता हिशेब करा. फ्लॅटचे सहा भाग धरले तर तीन भाग बाईंचे स्वतःचे. यजमानांचे तीन भाग तिघांत वाटले गेले, त्यातला एक बाईंना मिळाला. एकूण सहापैकी चार. एक भाग मुलाचा, एक मुलीचा. बाईंनी «माझा संपूर्ण फ्लॅट मुलीला» असं लिहिलं तरी मुलाचा एक भाग मुलाकडेच राहतो. उद्या मुलीला फ्लॅट विकायचा झाला, तर खरेदीदाराचा वकील भावाची सही मागणार. जे टाळायला मृत्युपत्र केलं, तेच दारात उभं.

आणि यजमान वारले तेव्हा त्यांची आई हयात होती का? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि बहुतेक जण त्यावर गोंधळून बघतात. आई पहिल्या वर्गातली वारस आहे. सासूबाई हयात असतील तर यजमानांच्या निम्म्याचे तीन नव्हे, चार वाटे होतात. पुढे सासूबाई मृत्युपत्र न करता वारल्या, तर त्यांचा वाटा त्यांच्या मुलामुलींकडे जातो, म्हणजे दीर आणि नणंदांकडे, आणि वारलेल्या मुलाच्या जागी नातवंडांकडे. ज्या दिराला फ्लॅटचा पत्ताही नीट माहीत नाही, त्याची सही एक दिवस लागू शकते.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, मुलगा आणि मुलगी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात. ते नोंदणीकृतच हवं, साध्या कागदावर «माझी हरकत नाही» लिहून भागत नाही. त्यानंतर आई पूर्ण मालक होते आणि पूर्ण फ्लॅटचं मृत्युपत्र करू शकते. दुसरी, मुलगा सही करायला तयार नसेल किंवा आईला त्याला आत्ता विचारायचंच नसेल, तर मृत्युपत्रात खरी परिस्थिती लिहायची आणि «या फ्लॅटमधील माझा जो काही हिस्सा, हक्क व हितसंबंध असेल तो» मुलीला द्यायचा. मुलीकडे तिचा स्वतःचा धरून सहापैकी पाच भाग येतील, भावाचा एक राहील. हे अर्धवट वाटतं, पण खोटं नाही. अर्धवट खरं मृत्युपत्र पूर्ण खोट्यापेक्षा बरं.

वडिलोपार्जित शेतजमिनीचंही असंच. सातबारावर एकट्याचं नाव असलं म्हणून जमीन एकट्याची होत नाही. तुमचा हिस्सा तुम्ही मृत्युपत्राने देऊ शकता, भावाबहिणींचा नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही जन्मतः हक्क आहे, तेव्हा «बहिणींचं लग्न झालं, त्यांचा काय संबंध» हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका.

पहिल्या भेटीला येताना हे सोबत असू द्या:

- फ्लॅटचा करारनामा किंवा खरेदीखत, इंडेक्स दोन, शेअर सर्टिफिकेट, आणि सोसायटीत दिलेल्या नॉमिनेशनची प्रत
- शेतजमीन असेल तर सातबारा, आठ-अ आणि ज्या फेरफाराने तुमचं नाव लागलं तो फेरफार
- ज्यांच्याकडून मालमत्ता आली त्यांचे मृत्यू दाखले
- बँक ठेवी, डीमॅट, म्युच्युअल फंड, विमा यांची यादी आणि प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण
- आधार, पॅन, आणि घेणाऱ्यांची पूर्ण नावं, अधिकृत कागदावर आहेत तशी

फेरफार मिळत नसेल तर थांबू नका, तसेच या. काय मिळालं नाही, हेही वकिलाला बरंच सांगून जातं.

२. पहिल्या भेटीला एकटे या

मुलगी गाडीतून सोडायला आली तर हरकत नाही, पण चर्चा सुरू झाली की तिला बाहेर बसायला सांगितलं जाईल. काहींना हे अपमानास्पद वाटतं. कारण असं आहे: १९५९ साली एच. वेंकटचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. सही कापरी आहे, करणाऱ्याची मनःस्थिती दुबळी होती, वाटणी अस्वाभाविक दिसते, आणि ज्याला सर्वांत जास्त मिळालं त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, असे प्रसंग त्यात मोजले आहेत. वकील मुलीने ठरवला, फी मुलीने दिली, साक्षीदार मुलीच्या ऑफिसातले, टायपिंग मुलीच्या लॅपटॉपवर झालं. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी निरुपद्रवी आहे. उलटतपासणीत त्या एका ओळीत मांडल्या जातात.

वकील तुम्हाला विचित्र वाटतील असे प्रश्न विचारेल. मुलाशी बोलणं आहे का, कुठली औषधं चालू आहेत, आधी कधी मृत्युपत्र केलं होतं का, कोणाकडून उधारी आहे का. उत्तरं खरी द्या. आम्ही ती मृत्युपत्रात छापत नाही.

या भेटीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, «कोर्टात टिकेल ना?» याला «हो, नक्की» असं उत्तर देणाऱ्या वकिलापासून जरा सावध राहा. मृत्युपत्राला आव्हान देण्यापासून कुणालाही आधीच रोखता येत नाही. पंधरा-वीस वर्षांनी कोण साक्षीदार हयात असेल, तो काय आठवून सांगेल, न्यायाधीशाला पुरावा कसा वाटेल, यातलं काहीच आज मृत्युपत्र लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. आम्ही एवढंच करू शकतो, की आव्हान देणाऱ्याला पकडायला जागा कमी मिळावी.

३. मसुदा हातात आला की या ओळी शोधा

मसुदा मराठीत मागा. कायद्याला भाषेचं बंधन नाही, आणि तुम्हाला वाचता येत नाही अशा भाषेतलं मृत्युपत्र म्हणजे पुढच्या वादाला आमंत्रण. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो.

आधी बघा की घेणारा तुमच्या आधी वारला तर काय, हे लिहिलंय का. मुलगी आईच्या आधी गेली आणि तिला मुलं असतील, तर कायदा सर्वसाधारणपणे तो वाटा वाया जाऊ देत नाही. पण फ्लॅट भाचीला किंवा मैत्रिणीला दिलेला असेल आणि ती आधी गेली, तर ते देणंच गळून पडतं. एक ओळ पुरते: «ती माझ्या आधी मृत्यू पावल्यास अमुक व्यक्तीस».

मग शेष मालमत्तेचं कलम. आज यादीत नसलेली, उद्या घेतलेली ठेव किंवा विसरलेलं खातं कुणाला, हे त्यात असतं. हे कलम नसेल तर तेवढ्या मालमत्तेपुरते तुम्ही मृत्युपत्र न करता वारलात असं धरलं जातं आणि ती वारसाहक्काने वाटली जाते.

नवऱ्याने बायकोसाठी केलेल्या मृत्युपत्रांत एक वाक्य फार येतं: «फ्लॅट पत्नीला मालकी हक्काने, आणि तिच्या पश्चात मुलाला.» हे वाचायला गोड आहे आणि भांडणाला उत्तम. मालकी हक्काने दिलं तर ती विकू शकते, दुसऱ्याला देऊ शकते, मग «पश्चात मुलाला» कसं? आणि पश्चात मुलालाच जायचं असेल, तर तिला फक्त तहहयात राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क हवा, मालकी नको. यातलं तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा. दोन्ही एका वाक्यात मावत नाहीत.

आपल्या शिक्षिकाबाईंच्या मसुद्यात मुलाला कमी का दिलं, याचं कारण एका वाक्यात येईल: त्याला घर घेताना आम्ही पूर्वी रक्कम दिलेली आहे, म्हणून. एवढंच. तो दिवाळीला आला नाही, सूनबाई फोन उचलत नाही, हे लिहू नका. रागाने भरलेला मजकूर वाचून समोरचा वकील म्हणतो, बाईंचे कान कोणीतरी भरले होते.

शेवटी व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर. तुमच्या पश्चात कागद गोळा करून ज्याचं त्याला देणारा माणूस. मुलगी चालते. नेमण्यापूर्वी तिला विचारा.

४. सहीचा दिवस

सगळ्यात घाई इथे होते, आणि सगळ्यात घाई नको तीही इथेच.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम ६३ तीन गोष्टी मागतं. तुम्ही मृत्युपत्रावर सही किंवा अंगठा करायचा. ती सही मृत्युपत्राला मान्यता म्हणून केली आहे, हे दिसेल अशा जागी हवी. आणि किमान दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा «ही माझीच सही» असं तुमच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि मग प्रत्येकाने तुमच्यासमोर सही करायला हवी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं कायदा म्हणत नाही. मी मात्र दोघांना एकाच खोलीत बसवतो, कारण पुढे साक्ष देताना गोष्ट सरळ राहते.

नेहमीची फसगत अशी. बाई घरी सही करतात. भाचा कागद घेऊन शेजारच्या काकांकडे जातो, «काकू म्हणाल्या, इथे सही करा.» काका करतात. काकांनी बाईंना सही करताना पाहिलं नाही, त्यांच्या तोंडून ऐकलं नाही, आणि स्वतःची सहीही बाईंसमोर केली नाही. कागदावर सगळं व्यवस्थित दिसतं. काका कोर्टात खरं बोलले की मात्र मृत्युपत्र कोसळतं. नोटरीचा शिक्का मारून घेतला तरी हे भरून निघत नाही, आणि नोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकाची सहीही आपोआप साक्षीदाराची जागा घेत नाही.

साक्षीदार कोण असावेत? मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायला किमान एका साक्षीदाराला, तो हयात आणि हजर राहण्याजोगा असेल तर, साक्षीला आणावंच लागतं. म्हणून तुमच्याहून वयाने बरेच लहान, सापडण्याजोगे, आणि तुम्हाला ओळखणारे घ्या. पंचाहत्तर वर्षांच्या बाईंनी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे दोन साक्षीदार घेतले तर स्नेह दिसतो, पुरावा राहत नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांत अशा साक्षीदाराला दिलेलं थेट रद्द होतं. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण अशा साक्षीदाराच्या शब्दाला वजन किती राहील, ते तुम्हीच ठरवा.

साक्षीदाराला आत काय लिहिलंय ते सांगायची गरज नाही. तो मजकुराचा नव्हे, सहीचा साक्षीदार आहे. प्रत्येक पानावर तुमची सही, शेवटच्या पानावर तिघांच्या सह्या, साक्षीदारांचे पूर्ण पत्ते, तारीख, ठिकाण. खाडाखोड झालीच तर त्या जागीही तिघांच्या सह्या, नाहीतर तो बदल धरला जात नाही. मी पान नव्याने छापतो.

वय जास्त असेल किंवा नुकतं आजारपण झालं असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखला घ्या, तोही नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरचा. कायद्याने तो सक्तीचा नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून न बघता आणलेला दाखला मात्र नसलेल्या दाखल्यापेक्षा वाईट, कारण तो देणारा डॉक्टर उलटतपासणीत टिकत नाही. व्हिडिओ करायचा असेल तर करा. तो जोडपुरावा आहे, साक्षीदारांना पर्याय नाही.

५. नोंदणी करावी का?

सक्तीची नाही. बिगरनोंदणीचं मृत्युपत्रही तितकंच वैध असतं. आणि नोंदणी केली म्हणून मृत्युपत्र सिद्ध झालं असंही होत नाही, साक्षीदार तरीही लागतो. तरी मी साधारणपणे नोंदणी करा असं सुचवतो. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क लागत नाही, तुम्ही स्वतः कार्यालयात हजर होतात याची नोंद राहते, आणि मूळ कागद हरवला किंवा कुणी «हरवला» तरी प्रत मिळते. तुमच्या हयातीत ती प्रत तुम्हाला किंवा तुम्ही अधिकार दिलेल्यालाच मिळते, मुलगा जाऊन काढू शकत नाही. हे कळलं की अनेकांचा जीव भांड्यात पडतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दुय्यम निबंधकाला घरी बोलावण्याची तरतूद कायद्यात आहे. त्याचा अर्ज वेळेत करा.

६. नंतर

मूळ प्रत एकच असू द्या. दोन-तीन मूळ प्रतींवर सह्या करून मुलांत वाटल्या आणि पुढे एक फाडली, तर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न फुकटचा उभा राहतो. मूळ कुठे आहे हे व्यवस्थापकाला सांगून ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल, तर तुमच्या पश्चात तो लॉकर कोण उघडू शकेल ते आधी बघा.

मृत्युपत्र तुम्ही हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकता. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र चालतं, पण त्यालाही सही आणि दोन साक्षीदार तसेच लागतात. मूळ कागदावर पेनाने नाव खोडून दुसरं लिहून चालत नाही. बदल मोठा असेल तर नवंच करा आणि त्यात पहिल्याच परिच्छेदात, आधीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द केल्याचं लिहा. नोंदवलेलं जुनं मृत्युपत्र नंतरच्या बिगरनोंदणीच्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकतं. पण अशा वेळी नवं बनावट आहे असा आरोप होणं सोपं जातं, म्हणून जुनं नोंदवलेलं असेल तर नवंही नोंदवा.

शेवटचं काम बँकेत आणि सोसायटीत आहे. मृत्युपत्रात जो माणूस, तोच नॉमिनी करता येईल तिथे करा. मृत्युपत्रात ठेवी मुलाला आणि बँकेत नॉमिनी मुलगी, असं राहिलं तर बँक पैसे मुलीला देऊन मोकळी होते, आणि मग भावाला ते बहिणीकडून मागावे लागतात. शिक्षिकाबाईंच्या बाबतीत हा फॉर्म भरायला बँकेतली एक फेरी पुरेल.